उत्तराच्या प्रतीक्षेतली चळत

लागोपाठ सहा दिवसांचं कमाल तापमान लिहून ठेवलं आहे असं समजू: ३८, ३६, ३५, ३७, ४०, ३९. प्रत्येक दिवसासाठी एकच गोष्ट शोधायची, की त्याच्यानंतर त्याच्याहून जास्त तापलेला पहिला दिवस कोणता. ३५ चं उत्तर अगदी शेजारी आहे, ३७. पण ३८ ला थेट ४० पर्यंत थांबावं लागतं, आणि ४० व ३९ ला उत्तरच मिळत नाही. प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतींत हा प्रश्न ‘नेक्स्ट ग्रेटर एलिमेंट’ या नावाने नेहमी विचारला जातो.

सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक आकड्यापासून निघून उजवीकडे चालत जायचं. सहा आकड्यांना ते चालेल. पण एक लाख आकडे ओळीने उतरते असले, तर कुणालाच उत्तर सापडत नाही आणि प्रत्येक जण शेवटपर्यंत चालतो. सगळ्या तुलना मिळून सुमारे ५०० कोटी होतात.

यातून सुटायचं, तर प्रश्नाची दिशा बदलावी लागते. ‘माझं उत्तर कुठे आहे?’ असं प्रत्येक जुन्या आकड्याने विचारण्याऐवजी नव्याने आलेल्या आकड्याने विचारायचं, ‘मी कुणाकुणाचं उत्तर आहे?’ त्यासाठी ज्यांचं उत्तर अजून आलेलं नाही, एवढेच आकडे एकावर एक रचून ठेवायचे. संगणकशास्त्रात अशा चळतीला स्टॅक म्हणतात. तिच्यात ठेवणं आणि काढणं दोन्ही फक्त वरूनच होतं.

आता तापमानं पुन्हा पाहू. ३८ आला, चळतीत बसला. ३६ आला, तो ३८ चं उत्तर नाही, म्हणून वर बसला. ३५ चंही तेच. मग ३७ आला. वरच्या ३५ चं उत्तर तोच, खालच्या ३६ चंही तोच, म्हणून दोघे उठून गेले. ३८ पाशी तो अडला आणि स्वतः वर बसला. पुढे ४० आला तेव्हा ३७ आणि ३८ दोघेही सुटले. शेवटी चळतीत ४० आणि त्यावर ३९ उरले, म्हणजे उत्तर नसलेले.

चळत खालून वर नेहमी उतरतीच राहते, हे इथे दिसलं असेल. ती कुणी मुद्दाम लावत नाही. मोठा आकडा आला की त्याच्याहून लहान असलेल्यांची उत्तरं मिळतात आणि ते निघून जातात, त्यामुळे लहानावर मोठा बसलाय असं कधी घडूच शकत नाही. या एकाच दिशेच्या क्रमावरून तिला ‘मोनोटॉनिक स्टॅक’ म्हणतात. प्रत्येक आकडा चळतीत एकदाच जातो आणि फार तर एकदाच बाहेर येतो. म्हणून लाख आकड्यांना फार तर दोन लाख ठेवी-काढी लागतात. आतलं लूप पाहून अनेकांना हा प्रोग्रॅमही संथ वाटतो. पण जितके बसले त्याहून जास्त उठणार कसे?

इथवरचं बहुतेकांना पटतं. अडतं ते स्तंभालेखापाशी. एकेक एकक रुंदीचे स्तंभ शेजारी शेजारी उभे आहेत, उंची अनुक्रमे २, ४, ५, ३, १, ३. त्यांच्या आत मावणारा सर्वांत मोठा आयत किती क्षेत्रफळाचा? जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या २००३ च्या स्थानिक प्रोग्रॅमिंग स्पर्धेत हे गणित होतं, आणि त्यात स्तंभ एक लाखापर्यंत, उंची १०० कोटींपर्यंत असू शकत होती. (तिथे क्षेत्रफळ ३२ बिटांच्या चलात ठेवलं, तर रीत बरोबर असूनही उत्तर चुकतं, कारण त्यात २१४ कोटींच्या थोडं वरपर्यंतचेच आकडे मावतात.)

सर्वांत मोठ्या आयताची वरची कड कुठल्या ना कुठल्या स्तंभाच्या माथ्याला टेकलेलीच असते, नाहीतर तो आणखी उंच करता आला असता. म्हणून प्रत्येक स्तंभाला विचारायचं, की तुझीच उंची धरून आयत दोन्ही बाजूंना किती पसरेल? तो डावीकडे पहिल्या बुटक्या स्तंभापाशी थांबतो, तसाच उजवीकडेही. म्हणजे हा मघाचाच प्रश्न आहे, फक्त ‘पहिला मोठा’ऐवजी ‘पहिला लहान’ शोधायचा आणि तोही दोन्ही बाजूंना. चळत आता चढती राहते.

२, ४, ५ ओळीने चळतीत बसले. चौथा स्तंभ ३ उंचीचा आला आणि ५ उठला: त्याची उजवी हद्द हा ३, डावी हद्द चळतीत त्याच्याखाली बसलेला ४. रुंदी १, क्षेत्रफळ ५. मग ४ उठला, त्याच्याखाली २. रुंदी २, क्षेत्रफळ ८. स्तंभ उठतो त्या क्षणी त्याच्या दोन्ही हद्दी एकदम कळतात.

आता ३ चळतीत २ च्या वर बसला. ४ आणि ५ तर आपण टाकून दिले. ३ चा आयत त्यांच्यावरून मागे जाऊ शकतो, हे कसं लक्षात राहणार? चळतीत आपण उंची नव्हे, जागेचा क्रमांक ठेवतो. पहिल्या क्रमांकावर थेट चौथा बसला आहे. मधली फट हीच आठवण: दुसरा आणि तिसरा होते, आणि ते ३ हून उंच होते. त्यांची जास्तीची उंची यापुढे कुणालाच उपयोगी नाही, कारण पुढचा कोणताही आयत त्यांच्यापर्यंत पोचायचा तर तो ३ उंचीच्या स्तंभातूनच जाणार. पाचवा स्तंभ १ उंचीचा आला, ३ उठला, हद्दी पहिला आणि पाचवा. रुंदी ३, क्षेत्रफळ ९. हेच उत्तर, आणि ते सर्वांत उंच स्तंभाकडून आलेलं नाही.

पायथनमध्ये हे सगळं एवढंच. इथे मोजणी शून्यापासून आहे.

```
h = [2, 4, 5, 3, 1, 3, 0]
st, best = [], 0
for i, x in enumerate(h):
    while st and h[st[-1]] >= x:
        t = st.pop()
        left = st[-1] if st else -1
        best = max(best, h[t] * (i - left - 1))
    st.append(i)
```

नेहमीची चूक रुंदीत होते. `i - left - 1` ऐवजी `i - t` लिहिलं, की स्तंभ फक्त उजवीकडे पसरतो आणि मागची फट विसरली जाते. या उदाहरणात तेव्हा ९ ऐवजी ८ येतात. उत्तर इतकं जवळचं असल्याने चूक सहज नजरेतून सुटते. यादीच्या शेवटचं शून्य उरलेल्यांना उठवण्यासाठी आहे. ते विसरलं असेल, तर १, २, ३ अशी नुसती चढती उंची देऊन पाहावी: कुणीच उठत नाही आणि उत्तर शून्य येतं.

ही रीत सगळीकडे मात्र लागू पडत नाही. ‘पहिला मोठा’ऐवजी ‘दुपटीहून मोठा असा पहिला’ विचारला की ती कोलमडते. ९, १२, १९ घ्या. ९ ला १८ हून मोठा हवा, १२ ला २४ हून मोठा. १२ हा ९ चं उत्तर नाही, म्हणून तो त्याच्यावर बसतो. १९ येतो तेव्हा ९ ची सुटका व्हायला हवी, पण वर १२ बसलेला आहे आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. चळतीला खालचा दिसतच नाही. तिथे प्रतीक्षेतले आकडे हीपमध्ये ठेवावे लागतात. त्यात सर्वांत लहान आकडा नेहमी वर असतो, पण दर ठेवी-काढीला लाख आकड्यांमागे सतराएक पायऱ्या मोजाव्या लागतात.