भीमेच्या दगडाखाली कोण राहतं?

पोरांनो, आपली भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगवते, पंढरपुरात चंद्रभागा होते आणि हत्तरसंग कुडलला सीनेला पोटात घेऊन पुढं जाते. तिचं पाणी कसं आहे, हे बाटली भरून प्रयोगशाळेत नेली की कळतं, पण फक्त त्या घटकेपुरतं. रात्री कुणी घाण सोडली आणि सकाळपर्यंत ती वाहून गेली, तर बाटलीला त्याचा पत्ता लागत नाही. दगडाखाली महिनोन्महिने राहणाऱ्या किड्यांच्या पिल्लांना मात्र ती रात्र सोसावी लागलेली असते.

त्यातलं एक पिल्लू मेफ्लायचं. शेपटीला बहुधा तीन लांब केस, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे पातळ कल्ले. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते या कल्ल्यांतून घेतं. मोठं झालं की पंख फुटतात, आणि पंख फुटल्यावरही ते आणखी एकदा कात टाकतं. असं करणारा दुसरा कीटक आज जगात नाही! उडायला लागल्यावर त्याला काही खाताच येत नाही. काही तास, फार तर काही दिवस जगायचं, अंडी घालायची आणि संपायचं. त्याचं खरं आयुष्य सगळं पाण्यातच जातं.

दुसरं स्टोनफ्लायचं. याला शेपट्या दोनच, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला नख्या दोन-दोन, मेफ्लायला एकेकच. याला प्राणवायू भरपूर लागतो. पाण्यातला कमी झाला, की हे पिल्लू तालमीत जोर काढावेत तसं अंग वरखाली करतं, म्हणजे अंगाभोवतीचं पाणी हलतं आणि ताजं पाणी कल्ल्यांशी येतं. तेवढ्यानं भागलं नाही, तर मरतं.

मग सोलापूरकडं टाकळीच्या बाजूला भीमेत दगड उलटला आणि स्टोनफ्लाय दिसली नाही, तर नदी बिघडली म्हणायची का? नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. सह्याद्रीतल्या सावलीच्या, खळाळत्या ओढ्यात स्टोनफ्लायचं घर. आपल्याकडच्या संथ, उन्हानं तापलेल्या, गाळाच्या पात्रात ती नसण्यात नवल नाही. म्हणून सोलापूरच्या पाण्याची तुलना घाटातल्या ओढ्याशी नाही, अशाच सपाटीच्या स्वच्छ पाण्याशी करायची.

आपल्याकडं शोधायचं ते मेफ्लायचं काएनिस नावाचं बारकं पिल्लू. त्याच्या पाठीवर दोन चौकोनी झाकणं असतात. खालचे नाजूक कल्ले त्यांच्या आड गाळापासून वाचतात, म्हणून ते चिखलातही टिकतं. त्याच्याबरोबर चतुराची, टाचणीची पिल्लं आणि गोगलगायी असल्या, तर पाणी बरं आहे असं समजायला जागा आहे. थाळीत नुसत्या लाल अळ्या वळवळत असल्या, तर काळजी करायची. त्या डासांसारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळं जिथं प्राणवायू जवळपास संपलेला असतो तिथंही त्या जगतात. चांगल्या पाण्यातही त्या थोड्या असतातच. खटकायचं ते बाकीचे सगळे निघून गेल्यावर.

हे मोजताही येतं. पाणी जिथं दगडांवरून उड्या घेतं तिथं, मोठं माणूस सोबत असताना, गुडघ्याच्या आतच उतरायचं. जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरून वरचे दगड हलवायचे. जे येईल ते पांढऱ्या थाळीत पाण्यासकट ओतायचं. मग न निवडता, हाताला येईल तसा एकेक जीव काढून ओळीनं मांडायचा. आधीच्यापेक्षा वेगळा निघाला की नवा गट धरायचा. समजा दहा जीव काढले आणि गट आठ झाले, तर गुण ०.८. दुसऱ्या थाळीत सात लाल अळ्या, मग एक गोगलगाय, मग पुन्हा दोन लाल अळ्या. गट तीनच, गुण ०.३. खऱ्या पाहणीत दहा जीव पुरत नाहीत, पुष्कळ मांडावे लागतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक पद्धतीत असा विविधतेचा गुण असतो, आणि कोणतं कुळ किती घाण सोसतं याचा दुसरा गुण असतो. दोन्ही एकत्र वाचायचे.

पण केव्हा मोजायचं? पुरानंतर लगेच नाही, कारण पूर सगळ्यांनाच वाहून नेतो. आपल्याकडं आणखी एक गोष्ट आहे. शहराच्या पिण्यासाठी वर्षानुवर्षं उजनीतून नदीत पाणी सोडत आलेत. पाणी आलं की पात्र भरतं, ओसरलं की काठचे दगड उघडे पडून तापतात आणि त्यांच्याखालची पिल्लं वाळून मरतात. तिथं रिकामा दगड दिसला, तर तो घाणीचा पुरावा नव्हे. कायम पाण्याखाली राहिलेलाच दगड बघायचा.

आणि प्राणवायू पुरेसा, गोगलगायी आणि गांडुळासारखे किडे जिवंत, पण मेफ्लाय मात्र एकही नाही, असं आढळलं तर वरच्या बाजूच्या शेतांकडं बघायचं. कीटकनाशकाचा फवारा पावसानं धुऊन आला, की आधी कीटकच मरतात. गोगलगायींना त्यातली बरीच औषधं तेवढी बाधत नाहीत. अशा वेळी शेतातला ओढा नदीला मिळतो त्याच्या वरही एक थाळी भरायची आणि खालीही. वर मेफ्लाय असतील आणि खाली नसतील, तर त्याच ओढ्यानं चढत जाऊन शोध घ्यायचा.