बहात्तरला भागा

एप्रिल २०२३ मध्ये किसान विकास पत्राचा व्याजदर साडेसात टक्के झाला आणि रक्कम ११५ महिन्यांत दुप्पट होईल असं ठरलं. हा आकडा पोस्टाच्या रांगेत उभ्या उभ्याही काढता येतो. ७२ ला ७.५ ने भागलं की येतात ९.६ वर्षं, म्हणजे जवळपास ११५ महिनेच!

मात्र व्याजावर व्याज चढत असेल तरच हे जमतं. दरवर्षी व्याज काढून खर्च केलं, तर तेवढंच व्याज साठायला तेरा वर्षं चार महिने लागतात. दर फार चढा असला की हिशेब थोडा चुकतो. २४ टक्क्यांना नियम तीन वर्षं सांगतो. प्रत्यक्षात तोवर लाखाचे १,९०,६६२ रुपयेच झालेले असतात.