तिकीट किती रुपयांचं ठेवायचं?

कॉलेजच्या फेस्टिव्हलची पहिली बैठक बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर रंगते: बँड कोणता आणायचा? तिकिटाचा आकडा शेवटी, पोस्टर छापायला जाताना ठरतो. ‘शंभर ठेवू, पोरांना परवडेल,’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय संपतो. हा आकडा हिशोबातून यायला हवा, कारण फेस्टिव्हल तोट्यात जाणार की नाही ते बरंचसं तिथेच ठरतं.

समजा, जिल्ह्याच्या गावातलं अडीच हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज आहे. दोन दिवस स्पर्धा आणि शेवटच्या संध्याकाळी मैदानावर तिकीट लावून बँडचा कार्यक्रम. स्टेज, लाइट आणि साउंडचं कोटेशन दीड लाखाचं आलं. त्याच कागदावर तळाला ‘जीएसटी वेगळा’ असतं. अठरा टक्क्यांनी 27 हजार वाढले. जनरेटर आणि डिझेल त्यात नसतंच, त्याचे 23 हजार धरा. म्हणजे दीड लाखाचे दोन लाख झाले.

दोन साउंडवाल्यांच्या कोटेशनची तुलना करताना नुसती बेरीज बघू नये. स्टेज किती फुटांचं, स्पीकर किती, गायकांसमोरचे मॉनिटर आणि ड्रमचे माइक धरलेत का, मिक्सरवर बसणारा माणूस कोणाचा, गाडीभाडं आणि हमाली कोणाकडे, हे लिहून घ्यावं. बँड आपल्याला लागणाऱ्या सामानाची यादी पाठवतो. ती साउंडवाल्याला आधी दाखवली नाही, तर कार्यक्रमाच्या दुपारी ‘हे तर ठरलंच नव्हतं’ म्हणत जादा भाडं मागितलं जातं. मैदानावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, त्यामुळे साउंड चेक लांबला की तेवढा कार्यक्रमच कापला जातो.

पुढचा खर्च असा: बँडचं मानधन, प्रवास, मुक्काम धरून 1 लाख 30 हजार; बक्षिसं 60 हजार; परवाने, बॅरिकेड, सुरक्षारक्षक, छपाई मिळून 60 हजार. एकूण साडेचार लाख. त्यावर दहा टक्के, म्हणजे 45 हजार, आयत्या वेळच्या खर्चासाठी. झाले 4 लाख 95 हजार.

आता जमेची बाजू. कॉलेजचा निधी 75 हजार, स्पर्धांची प्रवेश फी 30 हजार. स्पॉन्सरचं टार्गेट तीन लाख, आणि यादीत तेवढी नावं आहेतही. खरी गफलत इथेच होते. ‘करू ना आपण काहीतरी’ असं म्हणणारा दुकानदार आणि चेक दिलेला क्लासवाला, दोघेही त्या यादीत सारखेच दिसतात. म्हणून यादीचे तीन भाग करावेत. चेक जमा झाला ते 1 लाख 20 हजार पूर्ण धरा. लेखी होकार आहे त्या 80 हजारांपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे 60 हजार. नुसत्या तोंडी शब्दाच्या लाखापैकी 25 हजार. बेरीज 2 लाख 5 हजार. हे प्रमाण माझा अंदाज आहे; मागच्या वर्षी कुणी किती शब्द पाळला ते पाहून तुम्ही तुमचं ठरवा. शीतपेयांचे खोके किंवा कूपन देणारा स्पॉन्सर या बेरजेत घेऊ नका, त्यातून साउंडवाल्याचं बिल भागत नाही.

म्हणजे तिकिटांतून 1 लाख 85 हजार यायला हवेत. दर माणशी मनगटी पट्टा आणि ऑनलाइन पेमेंटचा खर्च दहा रुपये धरू. दोनशेच्या तिकिटातून हाती 190 राहतात. 974 तिकिटं खपली की खर्च निघतो. अडीचशे ठेवलं तर 771 पुरतात. आणि बैठकीतल्या शंभरच्या तिकिटाने? हजार लोक आले तरी 90 हजारच मिळतात, 95 हजारांची खोट येते. तीन लाखांची यादी खरी मानली की नेमका हाच शंभराचा दर बरोबर वाटतो.

दोनशे की अडीचशे, याचं उत्तर मागच्या वर्षीच्या विकलेल्या तिकिटांत आहे, मैदानावरच्या गर्दीत नाही. गर्दीत स्पॉन्सरचे पास, स्वयंसेवक आणि पाहुणेही असतात. नऊशे तिकिटं खपली असतील, तर मी अडीचशे ठेवीन: दर वाढल्यामुळे शंभरेक गिऱ्हाईक तुटलं, तरी हिशोब बसतो.

बक्षिसांची रक्कम पोस्टरवर छापली की मागे घेता येत नाही, आणि साउंडवाला निम्मी रक्कम आगाऊ मागतो, तर स्पॉन्सरचा शेवटचा हप्ता बॅनरचे फोटो पाठवल्यावर येतो. त्यामुळे महिनाभर आधीची एक तारीख पक्की करा. त्या दिवशी जमा झालेले आणि लेखी होकाराचे मिळून 1 लाख 80 हजार धरता येत नसतील, तर बँड बदला, स्टेज लहान करा. बँडच्या करारावर सही त्या तारखेनंतरच करा.