विश्लेषण : पर्जन्यमापक झोपतो, तरी पाऊस मोजतो; तो कसा?

घाटमाथ्यावरच्या स्वयंचलित पर्जन्यमापकाची बॅटरी जुलैत संपली, तर ती बदलायला तिथवर पोहोचणेच अवघड होते. नेमक्या मुसळधार दिवसांची नोंद कोरी राहते. मोठी बॅटरी किंवा सौरपट्टी हा यावरचा एक उपाय. पण महिनोन् महिने ढग असतात तिथे सौरपट्टीचा भरवसा नसतो. त्यामुळे यंत्राला बहुतांश वेळ झोपवून ठेवणे आणि थेंबांनीच त्याला जागे करणे, हा मार्ग अधिक खात्रीचा ठरतो.

झोपल्याने किती फरक पडतो?

एक साधी जुळणी घेऊ. ८ मेगाहर्ट्झवर चालणारा एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, माहिती पाठवायला लोरा रेडिओ आणि ३ व्होल्टचे, २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे सेल. कंट्रोलर जागा असताना साधारण ४ मिलिअँपिअर प्रवाह घेतो आणि रेडिओ नुसता सज्ज असताना दीड मिलिअँपिअरच्या वर. दोन्ही अखंड चालू ठेवले, तर सेल १५ दिवसांत संपतात.

‘पॉवर-डाउन’ या सर्वांत गाढ झोपेत कंट्रोलरचे मुख्य घड्याळच बंद होते. फक्त ‘वॉचडॉग’ नावाचा छोटा टायमर चालू ठेवला, तर प्रवाह ५ मायक्रोअँपिअरच्या आसपास उतरतो, म्हणजे जागेपणीच्या सुमारे आठशेवा भाग. झोपवलेला रेडिओ त्यात नगण्य भर घालतो. दर १५ मिनिटांनी एकदा उठून ०.२ सेकंदात माहिती पाठवली, तर त्या कामाचा सरासरी भार ८ मायक्रोअँपिअरपर्यंत जातो. एकूण सरासरी झाली १३. कागदावर हेच सेल १७ वर्षे पुरतात. प्रत्यक्षात त्याआधी सेल स्वतःच जुने होऊन उतरतात, पण काही वर्षांची निश्चिंती मिळते.

मग झोपेत पाऊस मोजतो कोण?

या पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली सी-सॉसारखे झुलणारे दोन कप्पे असतात. एक कप्पा भरला की पात्र कलते, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. अनेक यंत्रांत एक कल म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. कलताना पात्रावरचा चुंबक ‘रीड स्विच’समोरून जातो आणि स्विच क्षणभर मिटतो.

हा क्षण सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही लहान असतो. तो टिपण्यासाठी कंट्रोलरने ठरावीक वेळाने उठून बघायचे ठरवले, तर सेकंदातून दहा-पंधरा वेळा उठावे लागेल, तेही कोरड्या डिसेंबरात. इंटरप्टमध्ये काम उलटे होते. स्विच कंट्रोलरच्या एका पिनला जोडलेला असतो. त्या पिनवरचा व्होल्टेज बदलला, की आतले परिपथच कंट्रोलरला उठवतात. घंटी वाजेपर्यंत घरातल्याने दार उघडून बघायचे नाही, इतके हे सोपे.

याचा खर्च किती? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सुमारे २७,५०० कल. प्रत्येक कलाला कंट्रोलर ३० मिलिसेकंद जागा राहिला, तरी अख्ख्या वर्षाच्या पावसाला बॅटरीतले २००० पैकी १ मिलिअँपिअर-तासही लागत नाहीत.

तरीही बॅटरी लवकर का संपते?

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कंट्रोलर झोपतो, पण बोर्ड जागा राहतो. बाजारातल्या तयार बोर्डांवर व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर असतो. एएमएस१११७ हा स्वस्त आणि सर्रास वापरला जाणारा रेग्युलेटर स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. त्यात वीज असल्याचे सांगणारा, सतत पेटलेला एलईडी. दोन्ही मिळून ६ मिलिअँपिअर धरले, तर सेल दोन आठवड्यांत रिकामे होतात. प्रोग्राममध्ये कितीही सुधारणा केली तरी यात काही फरक पडत नाही. एलईडी काढावा लागतो आणि रेग्युलेटर टाळावा किंवा मायक्रोअँपिअरवर चालणारा निवडावा लागतो.

दुसरे कारण यांत्रिक. गाळ किंवा पान अडकून पात्र मधोमध थांबले, की चुंबक स्विचसमोरच राहतो आणि स्विच मिटलेला राहतो. इंटरप्ट ‘पिन खालच्या पातळीवर असेपर्यंत’ असा लावलेला असेल, तर कंट्रोलर झोपताक्षणी पुन्हा उठतो आणि २० दिवसांत सेल संपवतो. म्हणून ‘पिनची स्थिती बदलली तरच’ असा इंटरप्ट लावावा. तरीही पिनच्या आतल्या पुल-अप रोधातून सुमारे १०० मायक्रोअँपिअर वाहत राहतात, जे एरवीच्या सरासरीच्या सात-आठ पट आहेत. बाहेरून १ मेगाओहमचा रोध लावून आतला बंद केला, तर ही गळती ३ मायक्रोअँपिअरवर येते. मात्र इतक्या मोठ्या रोधाला ओल आणि लांब वायर सोसत नाहीत. जोडणी आखूड आणि कोरडी हवी.

नोंदच चुकण्याचा धोका कुठे?

रीड स्विच मिटताना त्याच्या पट्ट्या क्षणभर थरथरतात आणि एका कलाचे दोन-तीन इशारे जातात. ते गाळण्यासाठी अनेक जण आधीच्या इशाऱ्यानंतर ५० मिलिसेकंदांत आलेला इशारा सोडून देतात. वेळ मोजायला आर्डुइनोमधले `millis()` वापरतात. गोम इथेच आहे. पॉवर-डाउनमध्ये तो टायमर थांबलेला असतो. दोन कलांमध्ये पाच मिनिटे गेली, तरी कंट्रोलरच्या हिशेबी एखादा मिलिसेकंदच झालेला असतो. मग खरा पाऊसही थरथर समजून वगळला जातो. वीज वाचली, बॅटरी टिकली, माहितीही वेळेवर आली. फक्त पाऊस कमी दिसला. म्हणून जाग आल्यावर पिन खालच्या पातळीवर असेल तरच एक कल मोजून कंट्रोलरने ३० मिलिसेकंद जागेच राहावे, त्या काळातले इशारे सोडावेत आणि मग झोपावे.

हे तपासायचे कसे?

मोजणी पाण्याने तपासता येते. नरसाळ्याचे तोंड २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर ०.२ मिलिमीटर म्हणजे ४ मिलिलिटर पाणी. ४०० मिलिलिटर पाणी हळूहळू ओतले, की जवळपास १०० कल नोंदले गेले पाहिजेत. २०-३० च आले तर `millis()`चा घोळ, १५०-२०० आले तर थरथर.

प्रवाह तपासायला मल्टिमीटर बॅटरीच्या वायरीत मायक्रोअँपिअरवर जोडावा. मात्र या रेंजमध्ये मीटरचा स्वतःचा रोध मोठा असतो. यंत्र सुरू होताना किंवा रेडिओ बोलताना व्होल्टेज कोसळून कंट्रोलर पुन्हा पुन्हा रिसेट होतो. म्हणून मीटरच्या दोन टोकांना तुकडाभर वायर जोडून यंत्र सुरू करावे, ते झोपले की वायर काढून आकडा वाचावा आणि पुढच्या प्रक्षेपणाआधी ती परत लावावी. आकडा १० मायक्रोअँपिअरच्या आत असेल, तर यंत्र घाटावर न्यायला हरकत नाही. तो मिलिअँपिअरमध्ये असेल, तर बोर्डावर काहीतरी अजून जागे आहे आणि ते मेमध्येच शोधलेले बरे.