नोटीस पिरियडमधल्या कर्मचाऱ्याचे मूल्यमापन
मूल्यमापन सरलेल्या वर्षाच्या कामाचे असते, राजीनाम्याचे नव्हे. एखाद्या लेखापालाने फेब्रुवारीत राजीनामा दिला आणि नोटीस 90 दिवसांची असली, तर एप्रिलमधल्या अप्रेझलमध्ये मागचे पूर्ण आर्थिक वर्ष धरावे लागते. वर्षभर जीएसटीची विवरणपत्रे वेळेत गेली असतील, तर 4 चे रेटिंग 3 वर आणणे हा खोटेपणाच. वरची मोजकी रेटिंग्ज थांबणाऱ्यांसाठी राखण्याच्या दबावातून हे बरेचदा घडते. पगारवाढ द्यायची की नाही, हा कंपनीच्या धोरणाचा वेगळा निर्णय आहे. तो रेटिंगमध्ये दडवू नये. फेब्रुवारीचा बँक ताळमेळ रखडला असेल, तर ‘आता कामात मन नाही’ असा शेरा न मारता ‘ताळमेळ 12 दिवस उशिरा झाला’ एवढेच लिहावे. हे त्याला समोर बसवून सांगावे आणि त्याचे म्हणणेही फॉर्ममध्ये नोंदवावे.