अंधुक फोटोचा हिशेब, वहीच्या पानावर

ढगाळ दिवशी काढलेला कृष्णधवल फोटो मळकट दिसतो, कारण त्यातल्या छटा एकाच जागी दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्या पसरवायच्या पद्धतीला हिस्टोग्राम इक्वलायझेशन म्हणतात. ती हाताने करून पाहू. चित्र अगदी छोटं, ४ × ४ म्हणजे १६ ठिपक्यांचं. छटा ० (काळी) ते ७ (पांढरी), पण वापरात फक्त मधल्या चार.

आधी प्रत्येक छटेचे ठिपके मोजायचे, मग शाळेतल्या संचित वारंवारतेसारखी वरून खाली बेरीज करायची. ती बेरीज १६ ने भागून ७ ने गुणायची आणि जवळचा पूर्णांक घ्यायचा.

| छटा | ठिपके | बेरीज | गुणाकार | नवी छटा |
|---|---|---|---|---|
| २ | ४ | ४ | १.७५ | २ |
| ३ | ६ | १० | ४.३८ | ४ |
| ४ | ५ | १५ | ६.५६ | ७ |
| ५ | १ | १६ | ७ | ७ |

सर्वाधिक गर्दी असलेली ३ ही छटा शेजारच्या २ पासून दोन घरं लांब गेली. हवं होतं तेच. पण शेवटच्या दोन ओळी पाहा. ५ छटेचा एकुलता ठिपका आता ४ च्या ठिपक्यांत मिसळला. तो डोळ्यातली चमक असेल, तर चमक गेली! शिवाय २ जागची हललीच नाही, त्यामुळे काळं काही मिळालं नाही.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक बेरजेतून पहिली बेरीज, म्हणजे ४, वजा करायची आणि १६ ऐवजी १२ ने भागायचं. आता उत्तरं येतात ०, ३.५, ६.४२ आणि ७. साडेतीनाचे चार धरले, की नव्या छटा ०, ४, ६, ७. चमक परत आली, काळंही मिळालं. मात्र ठिपक्यांची संख्या ४, ६, ५, १ अशीच राहिली. एका छटेचे सगळे ठिपके एकत्रच हलतात, म्हणून नाव ‘इक्वलायझेशन’ असलं तरी स्तंभ सहसा समान उंचीचे होत नाहीत.