आठ पायांची चिप आणि गप्प बसलेला मदरबोर्ड

एका कर सल्लागाराच्या ऑफिसातला डेस्कटॉप. बायोसचं अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली होती. वीज परत आल्यावर बटण दाबलं तर पंखे फिरले, दिवा लागला, पडदा मात्र काळाच. दुकानदाराने पाहिलं न पाहिलं आणि निकाल दिला, ‘बोर्ड डेड झालाय, नवा घ्या.’ असे निकाल रोज दिले जातात. त्यातले बरेच चुकीचे असतात, कारण अशा वेळी बोर्डावरचा एकही भाग सहसा जळलेला नसतो. एका लहानशा चिपमधला मजकूर तेवढा पुसला गेलेला असतो.

ही चिप करंगळीच्या नखाएवढी, दोन्ही बाजूंना चार-चार पाय असलेली. तिच्यात साधारण १६ मेगाबाइट मजकूर मावतो. संगणक चालू होताच प्रोसेसर पहिली सूचना या चिपच्या अगदी शेवटच्या भागातून उचलतो. रॅम, डिस्क, पडदा हे सगळं नंतर. फ्लॅश चिपवर जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही. आधी एकेक खण पुसावा लागतो आणि पुसलेला खण म्हणजे सलग FF FF FF. वीज नेमकी पुसणं आणि लिहिणं यांच्या मध्ये गेली, तर प्रोसेसरच्या हाती हे FF येतात आणि तो तिथेच थांबतो.

दोष बायोसचाच की दुसरा कसला, हे ताडायची एक सोपी खूण आहे. बोर्डाला छोटा स्पीकर जोडा, रॅमच्या पट्ट्या काढून ठेवा आणि चालू करा. बायोस जिवंत असेल तर रॅम नाही म्हणून तो बीप देतो किंवा रॅमचा इशारादिवा लावतो. रॅम नसतानाही बोर्ड गप्पच राहिला आणि त्याआधी अपडेट फसलेलं असेल, तर संशय चिपवरच घ्यावा.

काही बोर्डांवर, विशेषतः गिगाबाइटच्या, मुख्य आणि राखीव अशा दोन बायोस चिप असतात. मुख्य बिघडली की राखीव आपोआप पुढे यावी अशी योजना असते. पण मुख्य चिपमधला सुरुवातीचा भाग शाबूत आणि पुढचा तुटलेला असला, तर बोर्ड मधेच अडकतो आणि ही अदलाबदल होतच नाही. अशा वेळी बोर्डावर हाताने सरकवायचा स्विच असेल तर नशीब म्हणायचं. वीज पूर्ण बंद करून स्विच राखीव चिपकडे न्यायचा आणि संगणक चालू करून बायोसच्या अपडेट पानावर जायचं. या क्षणी बायोस रॅममध्ये उतरलेला असतो, चिपचं काम संपलेलं असतं. म्हणून दुरुस्ती करणारे संगणक चालू असतानाच स्विच परत मुख्य चिपकडे सरकवतात आणि मग फाइल लिहितात. स्विच सरकवायचा राहिला तर जी एकमेव चांगली प्रत उरली आहे, तिच्यावरच लिहिलं जातं. आपोआप दुरुस्ती बंद करणारा दुसरा स्विच असेल तर तोही आधी बंदच्या बाजूला न्यावा. सगळ्याच बोर्डांची रचना अशी नसते, तेव्हा आधी माहितीपुस्तिका उघडावी.

आपल्या कर सल्लागाराच्या बोर्डावर दुसरी चिप नव्हती. मग उरतो प्रोग्रामर, म्हणजे यूएसबीला लावायचा, सीएच३४१ए चिप असलेला स्वस्त काळा बोर्ड आणि त्याला जोडलेली आठ दातांची क्लिप. हा स्वस्त आहे तसा आडदांडही आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीत चिपला वीज ३.३ व्होल्ट जाते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. शिवाय अनेक लॅपटॉपवर आणि बऱ्याच एएमडी बोर्डांवर चिप १.८ व्होल्टची असते. तिला मधला अडॅप्टर न लावता जोडलं तर पुसलेली चिप खरोखरच मरते. म्हणून भिंगाखाली चिपवरचा क्रमांक वाचून त्याचं माहितीपत्रक पाहिल्याशिवाय क्लिप लावू नये.

बोर्डाची वीजतार आणि घड्याळाचा सेल काढायचा. चिपच्या एका कोपऱ्यात टिंब असतं, तो पाय क्रमांक १. क्लिपची लाल तार तिकडे. आता लगेच नवी फाइल लिहायला बहुतेकांचे हात शिवशिवतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. आधी जुना मजकूर दोनदा वाचून घ्यावा:

```
flashrom -p ch341a_spi -r juna1.bin
flashrom -p ch341a_spi -r juna2.bin
sha256sum juna1.bin juna2.bin
```

दोन्ही बेरजा तंतोतंत जुळल्या तरच क्लिप नीट बसली आहे असं समजावं. चिप सापडतच नसेल किंवा दर वेळी वेगळी बेरीज येत असेल, तर क्लिप पुन्हा बसवावी. तरीही जमलं नाही, तर क्लिपमधून जाणारी वीज चिपऐवजी उरलेला बोर्डच पिऊन टाकत असतो. मग चिप सोल्डरमधून सोडवून वेगळी वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

आता नवी फाइल. या बोर्डाची फाइल .CAP प्रकारची होती आणि तिचा आकार होता १,६७,७९,२६४ बाइट. चिपमध्ये मात्र १,६७,७७,२१६ बाइटच मावतात. फरक बरोबर २,०४८ चा. तेवढं वेष्टन कंपनीच्या अपडेट प्रोग्रामसाठी सुरुवातीला जोडलेलं असतं, चिपला त्याचा उपयोग नाही. ते कापून टाकायचं:

```
dd if=navi.cap of=navi.bin bs=2048 skip=1
```

हा फरक प्रत्येक बोर्डाला वेगळा असू शकतो, तेव्हा वजाबाकी स्वतः करून पाहावी.

जुनी प्रत वाचून ठेवायचं कारण आता पुढे येतं. इंटेलच्या बोर्डात या चिपचे विभाग पाडलेले असतात. सुरुवातीला विभागांचा नकाशा, मग नेटवर्कची माहिती, मॅनेजमेंट इंजिन आणि शेवटी बायोस. बोर्डाचा स्वतःचा मॅक पत्ता इंटेलच्या नेटवर्क चिपसाठीच्या विभागात राहतो आणि डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये तो असू शकत नाही. म्हणून जुन्या प्रतीतला नकाशा शाबूत असेल तर फक्त बायोसचाच विभाग लिहावा:

```
flashrom -p ch341a_spi --ifd -i bios -w navi.bin
```

लिहून झाल्यावर प्रोग्राम स्वतःच पडताळणी करतो आणि ‘VERIFIED’ हा शब्द दिसल्याशिवाय क्लिप काढायची नाही. मग सेल आणि वीज जोडून चालू करावं. पहिल्या वेळी रॅम ओळखण्यात बराच वेळ जातो, तेव्हा घाबरून बटण दाबू नये. बोर्ड जागा झाला पण अर्ध्या तासाने आपोआप बंद पडू लागला, तर मॅनेजमेंट इंजिनचा विभागही बिघडल्याचा संशय घ्यावा. आणि पडताळणी होऊनही बोर्ड गप्पच राहिला, तर दोष वीजपुरवठ्याच्या भागात किंवा आणखी कुठे आहे. चिपच्या मागे लागण्यात मग अर्थ नाही.

बोर्डाचा अनुक्रमांक बायोसच्याच विभागात असेल तर तो नव्या फाइलने पुसला जातो आणि जुन्या प्रतीतून परत आणावा लागतो. मॅक पत्ता टिकला का, हे विंडोजमध्ये `ipconfig /all` लिहून पाहता येतं. तिथे 88-88-88-88-87-88 दिसलं, तर कुणीतरी आधी पूर्ण फाइल सरसकट लिहून टाकली आहे. एकाच ऑफिसात असे दोन संगणक असले की एक चालू केल्यावर दुसऱ्याचं नेटवर्क तुटतं आणि लोक राउटर बदलत बसतात.